रशियन नकारात द्वितीयेच्या जागी षष्ठी नेमकी कधी येते?

मृण्मयी_वाचते

नमस्कार. मी घरीच रशियन शिकते आणि आता छोट्या कथा शब्दकोशाच्या आधाराने वाचू शकते. विभक्तींचे तक्ते पाठ आहेत, तरी एका ठिकाणी मी वारंवार अडते. (रशियन शब्द मी त्यांच्या लिखित अक्षरांप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे, आघात नसलेल्या ‘ओ’चा उच्चार प्रत्यक्षात ‘आ’कडे झुकतो, हे ध्यानात घेऊन वाचावे.)

होकारार्थी वाक्यात सकर्मक क्रियापदाचे कर्म द्वितीयेत येते, याबद्दल शंका नाही. ‘या चितायू गाझेतू’, म्हणजे मी वर्तमानपत्र वाचते. वाक्य नकारार्थी झाले की मात्र कधी ‘या न्ये चितायू गाझेत’ असे कर्म षष्ठीच्या अनेकवचनात दिसते, तर कधी ‘या न्ये चिताला एतू गाझेतू’ असे ते द्वितीयेतच राहते. एका कथेत तर एकाच पानावर एकाच पात्राच्या तोंडी ‘या न्ये पोलुचील पिस्मा’ आणि ‘या न्ये पोलुचील पिस्मो’ अशी दोन्ही वाक्ये आढळली. दोन्हींचा मराठी अर्थ मी ‘मला पत्र मिळाले नाही’ असाच लावला, आणि तरीही लेखकाने विनाकारण रूप बदलले असेल असे मला वाटत नाही. माझ्या पाठ्यपुस्तकात ‘नकारानंतर षष्ठी येते, परंतु द्वितीयाही चालते’ एवढेच म्हटले आहे. कोणते रूप कधी चालते, आणि न चालणारे रूप कोणते, हे कोणी सांगू शकेल का?

तन्मय_कझान

मी कझानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत आहे. आमचा अनुभव असा आहे की षष्ठीच येते आणि दुसरे काही येत नाही. रुग्णाची तपासणी लिहिताना ‘झालोब न्येत’ म्हणजे तक्रारी नाहीत, ‘ख्रीपोव न्येत’ म्हणजे छातीत घरघर नाही, असेच लिहावे लागते. ‘झालोबी न्येत’ असे प्रथमेत लिहिले, तर वरिष्ठ डॉक्टर कागद परत देतात. ‘ऊ मेन्या न्येत व्रेमेनी’, मला वेळ नाही, हे तर इथे दिवसातून दहादा कानावर पडते. त्यामुळे ‘नाही’ म्हटले की षष्ठी, एवढे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

क्राकूवकर

तन्मय यांच्याशी मी सहमत आहे, आणि हा नियम केवळ रशियनचा नाही. मी अनेक वर्षे पोलंडमध्ये राहतो. पोलिश भाषेत सकर्मक क्रियापद नकारार्थी झाले की द्वितीयेतले कर्म षष्ठीत जाते, आणि त्याला पर्याय नाही. ‘मला हे पुस्तक वाचायचे नाही’ अशा वाक्यात नकार ‘इच्छिणे’ या क्रियापदाला लागतो आणि पुस्तक हे ‘वाचणे’ या क्रियापदाचे कर्म असते, तरीसुद्धा पुस्तक षष्ठीतच येते. रशियनमध्येही मूळ नियम हाच असणार. आपल्याला दिसलेली द्वितीया ही बोलीतली शिथिलता समजावी आणि लिहिताना नेहमी षष्ठी वापरावी, म्हणजे चूक होणार नाही.

जुना_अनुवादक

रशियन तांत्रिक आणि ललित मजकुराच्या अनुवादात माझे बरेच आयुष्य गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तन्मय यांनी दिलेली वाक्ये अचूक आहेत, परंतु मृण्मयीताईंचा प्रश्न त्यांच्याविषयी नाही. ‘न्येत’, ‘न्ये बीलो’ आणि ‘न्ये बूदेत’ यांनी एखाद्या गोष्टीचे अस्तित्वच नाकारले जाते, आणि तिथे षष्ठी बंधनकारक असते. त्या वाक्यांत मुळात कर्म नसते; होकारार्थी वाक्यात जो कर्ता प्रथमेत असता, तोच षष्ठीत गेलेला असतो. ताईंचा प्रश्न वाचणे, मिळवणे, पाहणे अशा क्रियापदांच्या कर्माचा आहे आणि तिथे निवडीला खरोखर वाव असतो.

क्राकूवकर यांचा नियम पोलिशपुरता पूर्णपणे खरा आहे. आजच्या रशियनला तो लावला, तर वाक्ये मात्र बिघडतात. ‘ओन येद्वा न्ये उरोनील चाश्कू’ हे वाक्य घ्या. त्याच्या हातून कप पडता पडता राहिला, असा त्याचा अर्थ आहे. वाक्यात ‘न्ये’ आहे, पण इथे ‘चाश्कू’ ही द्वितीयाच हवी. ‘चाश्की’ ही षष्ठी कोणताही रशियन माणूस चूक ठरवील, कारण ‘येद्वा न्ये’ या जोडीत नकाराचा नेहमीचा अर्थ उरलेला नसतो. तसेच ‘न्ये’ क्रियापदाला न लागता दुसऱ्याच शब्दाला लागले, तर कर्म जागचे हलत नाही. ‘न्ये या चिताल एतू क्नीगू’, म्हणजे हे पुस्तक वाचणारा मी नव्हे. वाचन तर झालेच आहे, मग पुस्तकाने षष्ठीत जाण्याचे कारण काय?

आणखी एक मर्यादा सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. नकारामुळे फक्त द्वितीयेची षष्ठी होऊ शकते. ज्या क्रियापदांना तृतीया किंवा चतुर्थी लागते, त्यांच्यावर नकाराचा काहीच परिणाम होत नाही. ‘या इंतेरेसूयूस मूझीकोय’ म्हणजे मला संगीतात रस आहे. याचा नकार ‘या न्ये इंतेरेसूयूस मूझीकोय’ एवढाच होतो.

आता पत्राकडे वळतो. पात्र ‘या न्ये पोलुचील पिस्मा’ म्हणते, तेव्हा त्याच्यापर्यंत पत्र म्हणून काही पोहोचलेलेच नसते. ते पत्र कोणी लिहिले होते की नाही, हेही त्या वाक्यातून कळत नाही. त्यामुळे पुढचे वाक्य ‘कदाचित तिने लिहिलेच नसेल’ असे सहज येऊ शकते. ‘या न्ये पोलुचील पिस्मो’ असे म्हटले, तर मात्र बोलणारा आणि ऐकणारा या दोघांच्या मनात एक ठरावीक पत्र असते: शुक्रवारी टाकलेले, कुठे तरी अडकलेले. त्यापुढे ‘पोस्टात चौकशी करतो’ हे वाक्य शोभते, आणि ‘कदाचित तिने लिहिलेच नसेल’ हे विचित्र वाटते. आपल्या कथेत पहिले वाक्य आधी आणि दुसरे नंतर आले असेल, तर मधल्या ओळींत पत्र खरोखर पाठवले गेल्याचा उल्लेख आहे का, ते कृपया पाहावे.

मृण्मयी_वाचते

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मी पान पुन्हा वाचले. दोन वाक्यांच्या मध्ये पात्राची बहीण ‘मी स्वतः ते पेटीत टाकले होते’ असे सांगते, आणि त्यानंतर ‘पिस्मो’ येते. मी ती ओळ वाचली होती, पण तिचा विभक्तीशी संबंध असेल हे माझ्या लक्षात आले नव्हते.

मग मी असा निष्कर्ष काढू का, की गोष्ट ठरावीक असेल तर द्वितीया आणि अनिश्चित असेल तर षष्ठी? तसे असेल तर एक वाक्य बसत नाही. ‘या एतोवो न्ये झ्नाल’, मला हे ठाऊक नव्हते, हे मी सर्वत्र वाचते. ‘हे’ म्हणजे समोरच्याने नुकतीच सांगितलेली गोष्ट, याहून ठरावीक काय असणार? तरीही ‘एतोवो’ ही षष्ठीच आहे.

शाल्मली_भाषाविज्ञान

मृण्मयी, आपली शंका योग्य आहे, आणि म्हणूनच ‘ठरावीक आणि अनिश्चित’ ही विभागणी मला अपुरी वाटते. ती बऱ्याच वाक्यांना लागू पडते, परंतु मुळाशी असलेली गोष्ट वेगळी आहे, असे मानणारे अभ्यासक आहेत. लेनर्ड बॅबी यांनी १९८० साली रशियन नकारावर लिहिलेल्या पुस्तकात अस्तित्वाला मध्यवर्ती स्थान दिले. वाक्यातून एखादी गोष्ट त्या प्रसंगात आहे हेच नाकारले जात असेल, तर षष्ठी. गोष्ट आहे हे गृहीत धरून तिच्याबद्दल दुसरे काही नाकारले जात असेल, तर षष्ठी येत नाही. ‘न्येत’ची सक्ती आणि पत्राच्या वाक्यातली निवड या दोन्ही गोष्टी अशा एकाच सूत्रात येतात, म्हणून तन्मय यांचे उदाहरण मला या धाग्यात अगदीच परके वाटत नाही.

कर्त्याच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. ‘ओत्वेत न्ये प्रिश्योल’ म्हणजे अपेक्षित असलेले उत्तर आले नाही. ‘ओत्वेता न्ये प्रिश्लो’ म्हणजे उत्तर असे काही आलेच नाही. दुसऱ्या वाक्यात कर्ता षष्ठीत गेल्यामुळे क्रियापदाला जुळवून घ्यायला प्रथमा उरत नाही आणि ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबते.

याच विषयावरच्या लेखनात वडील आणि समुद्र यांचे एक उदाहरण येते. ‘ओतेत्स न्ये बील ना मोर्ये’ आणि ‘ओत्सा न्ये बीलो ना मोर्ये’. दोन्ही वाक्यांतले वडील तेच आहेत आणि पूर्ण ठरावीक आहेत. पहिले वाक्य वडिलांविषयी आहे: ते समुद्रावर गेलेले नाहीत, तो अनुभव त्यांच्या गाठी नाही. दुसरे वाक्य समुद्रकिनाऱ्याविषयी आहे: आपण तिथे पाहिले, तर वडील तिथे नव्हते. माणूस ठरावीक असूनही षष्ठी आली, कारण त्या जागेवरचे त्यांचे असणे नाकारले गेले. ज्यांना केवळ ठरावीकपणाचा नियम पुरेसा वाटतो, त्यांना या जोडीचे उत्तर द्यावे लागेल.

जुना_अनुवादक

शाल्मली यांची जोडी उत्तम आहे, आणि कर्त्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. कर्माच्या बाबतीत मात्र केवळ अस्तित्वाने काम भागत नाही, असे माझे मत आहे. ‘या एतोवो न्ये झ्नाल’ म्हणणारा माणूस त्या गोष्टीचे अस्तित्व नाकारत नसतो. उलट, ती खरी आहे हे त्याला आताच कळलेले असते. तेव्हा मृण्मयीताईंच्या प्रश्नाचे उत्तर वेगळे द्यावे लागते. ‘एतो’ जेव्हा एखाद्या वस्तूचे नव्हे, तर संपूर्ण विधानाचे नाव असते, तेव्हा नकारात ‘एतोवो’ हेच रूप रुळलेले आहे. भाववाचक नामांचा कलही षष्ठीकडेच असतो: वेदना जाणवली नाही, अर्थ दिसला नाही, भीती वाटली नाही. त्यात जाणणे, पाहणे, ऐकणे, जाणवणे ही क्रियापदे असली की षष्ठीचे पारडे आणखी जड होते.

काही जोड्या तर इतक्या घट्ट झाल्या आहेत, की तिथे विचार करण्याची गरजच नाही. ‘न्ये इमेयेत झ्नाचेनिया’, महत्त्व नाही. ‘न्ये ओब्राश्चाय व्निमानिया’, लक्ष देऊ नकोस. ‘न्ये इमेयेश प्रावा’, तुला अधिकार नाही. त्याचप्रमाणे ‘नी’ हा शब्द आला की षष्ठी ठरलेली: ‘ओन न्ये स्काझाल नी स्लोवा’, तो एक शब्दही बोलला नाही. या जोड्या तशाच पाठ कराव्यात, असा माझा आग्रह आहे, कारण त्यांत अर्थाचा तर्क लढवण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

क्राकूवकर

‘मला हे पुस्तक वाचायचे नाही’ या माझ्या उदाहरणाचे काय? रशियनमध्ये तिथेही षष्ठी येत नाही का? जुन्या रशियन गद्यात मी अशी षष्ठी पाहिली आहे, हे खात्रीने सांगतो.

जुना_अनुवादक

आपण पाहिली असेल, यात मला संशय नाही. जुन्या रशियनमध्ये नकारार्थी क्रियापदाच्या कर्माला षष्ठी जवळजवळ नियमाने येत असे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या गद्यात ती आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक आढळते. द्वितीयेचा प्रसार हा नंतरचा बदल आहे आणि बोलण्यात तो अजून चालू आहे. यातून वाचकासाठी एक महत्त्वाची मर्यादा निघते: पत्राच्या वाक्यात मी जो सूक्ष्म फरक सांगितला, तो विसाव्या शतकातल्या आणि आजच्या भाषेचा आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या मजकुरात षष्ठी दिसली, म्हणून लेखकाला अनिश्चित वस्तूच अभिप्रेत होती, असे ठरवता येत नाही.

तुमच्या उदाहरणात दोन क्रियापदांची साखळी आहे आणि तिच्यावरचा वाद जुना आहे. पुश्किन यांच्या ‘येव्गेनी ओनेगिन’मध्ये ‘द्वा वेका स्सोरित न्ये खोचू’ अशी ओळ आहे. दोन शतकांमध्ये भांडण लावण्याची माझी इच्छा नाही, असा तिचा अर्थ. नकारामुळे तिथे ‘द्वुख वेकोव’ ही षष्ठी हवी होती, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. १८३० साली लिहिलेल्या उत्तरात पुश्किन यांनी विचारले, की नकारदर्शक अव्ययाची विद्युत्शक्ती क्रियापदांच्या संपूर्ण साखळीतून पार होऊन शेवटच्या नामापर्यंत पोहोचली पाहिजे का? त्यांच्या मते नाही, कारण ‘दोन शतके’ हे ‘भांडण लावणे’ याचे कर्म आहे आणि नकार ‘इच्छिणे’ याला लागला आहे. आजही अशा साखळीत द्वितीया अधिक नैसर्गिक वाटते: ‘या न्ये खोचू चितात एतू क्नीगू’. षष्ठी अशक्य नाही, परंतु साखळी जितकी लांब, तितकी ती दुर्मीळ होते. पोलिश आणि रशियन यांच्यातले अंतर या एका वाक्यात जितके स्पष्ट दिसते, तितके इतरत्र क्वचितच दिसेल.

ओवी_मॉस्को

मी शाकाहारी आहे आणि नोकरीनिमित्त मॉस्कोत राहते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या जेवणाशी जोडलेला आहे. ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य ‘या न्ये येम म्यासा’ असे म्हणावे की ‘या न्ये येम म्यासो’, असे मी घरमालकीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या की लिहायचे झाले तर ‘म्यासा’ लिहीन, पण दोन्ही बरोबर आहे. गंमत म्हणजे बोलताना या दोन्ही रूपांचा उच्चार सारखाच होतो, कारण आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि शेवटचा ‘ओ’ व ‘आ’ एकसारखेच पुसट होतात. म्हणजे उपाहारगृहात मी कोणती विभक्ती वापरली, हे वाढणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही! ‘मासे खात नाही’ म्हणताना मात्र ‘रीबू’ आणि ‘रीबी’ हा फरक स्पष्ट ऐकू येतो, आणि माझ्या कार्यालयात तरुण मंडळींकडून मी ‘रीबू’ अधिक ऐकते.

जुना_अनुवादक

ओवीताईंनी फार उपयोगाचा मुद्दा मांडला. ‘स्लोवो’, ‘प्रावो’, ‘म्यासो’ यांसारख्या नामांवरून कानाने हा नियम शिकताच येत नाही. पुल्लिंगी सजीव नामांचीही तीच अडचण आहे: भावाला पाहिले असो वा नसो, ‘ब्राता’ हेच रूप द्वितीयेलाही आणि षष्ठीलाही चालते, त्यामुळे तिथे निवड झाली की नाही हेच दिसत नाही. फरक पारखायचा असेल, तर ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी नामांचे एकवचन पाहावे. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात येईल. व्यक्तीचे नाव असले की द्वितीया घट्ट टिकते: ‘या न्ये वीदेल आन्नू’ हेच आजचे सहज वाक्य आहे, आणि त्या ठिकाणी ‘आन्नी’ म्हटले तर ते जुनाट वाटते.

कर्म वाक्याच्या सुरुवातीला आणले, तरीही द्वितीयेचा जोर वाढतो. ‘वोद्कू या न्ये प्यू’, वोदका मी पीत नाही. इतर काही पीत असेन, वोदका नाही. वोदका हा विषय आधी समोर ठेवला जातो आणि मग तिच्याविषयी नकार येतो. ‘या न्ये प्यू वोद्की’ यात वोदका नकाराच्या आत असते.

तन्मय_कझान

माझे पहिले उत्तर ‘न्येत’पुरतेच होते, हे आता कळले. तपासणीच्या कागदांवरचे आणखी एक वाक्य विचारतो. ‘इझ्मेनेनीय न्ये वीयाव्लेनो’, बदल आढळले नाहीत. यात ‘न्येत’ नाही आणि कर्मही नाही, तरी ‘बदल’ षष्ठीच्या अनेकवचनात आहे. आम्ही ते सूत्र म्हणून पाठ केले, पण कोणत्या गटात टाकायचे?

शाल्मली_भाषाविज्ञान

हे ‘ओत्वेता न्ये प्रिश्लो’ याच गटातले आहे. वाक्य कर्मणी असल्यामुळे ‘बदल’ हा व्याकरणातला कर्ता आहे, तो षष्ठीत गेला आणि ‘वीयाव्लेनो’ नपुंसकलिंगी एकवचनात राहिले. ‘इझ्मेनेनिया न्ये वीयाव्लेनी’ असे प्रथमेत लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल की कोणते तरी ठरावीक बदल अपेक्षित होते आणि तेच सापडले नाहीत. डॉक्टरला बहुतेक वेळा ‘असे काही नाही’ एवढेच म्हणायचे असते, म्हणून षष्ठी. जुना_अनुवादक यांना कर्मासाठी अस्तित्वाचे सूत्र अपुरे वाटते, पण कर्त्याच्या या वाक्यांत ते इतके नेमके लागू पडत असताना कर्माला अगदी निराळा नियम मानणे मला अजूनही पटत नाही. ‘एतोवो’ हा रुळलेला अपवाद मानून बाकीचे एका सूत्रात आणता येईल, असे मला वाटते.

मृण्मयी_वाचते

शेवटी एक शंका. काल ‘या न्ये चिताल क्नीगी’ असे वाक्य आले. ‘क्नीगी’ हे एकवचनी षष्ठीचे रूप आहे आणि अनेकवचनी द्वितीयेचेही. आघातही दोन्हींत पहिल्याच अक्षरावर आहे. मग लेखकाने एक पुस्तक वाचले नाही की अनेक?

जुना_अनुवादक

फक्त त्या तीन-चार शब्दांवरून सांगता येणार नाही. ‘पिस्मा’मध्ये निदान आघात मदतीला येतो: तो शेवटी असेल तर एकवचनी षष्ठी, पहिल्या अक्षरावर असेल तर अनेकवचन. अर्थात छापील मजकुरात आघाताची खूण नसते, तेव्हा ती मदतही ऐकणाऱ्यालाच होते. ‘क्नीगी’मध्ये तोही आधार नाही. तिथे विशेषण किंवा दर्शक सर्वनाम शोधावे: ‘एतोय क्नीगी’ असेल तर एकवचनी षष्ठी, ‘एती क्नीगी’ असेल तर अनेकवचनी द्वितीया. यांपैकी काहीच नसेल, तर मी मागच्या दोन परिच्छेदांत पुस्तकाचा उल्लेख एकवचनात आहे की अनेकवचनात, ते पाहतो. अनेक पुस्तके अभिप्रेत असती आणि त्यांच्याविषयी ‘अजिबात नाही’ असे म्हणायचे असते, तर लेखकाने ‘क्नीग’ ही अनेकवचनी षष्ठी लिहिली असती, हाही एक दुवा आहे. आपल्या वाक्याच्या आगेमागे काय आहे, ते इथे लिहिले तर नक्की सांगता येईल.

मृण्मयी_वाचते

त्याआधीच्या परिच्छेदात शिक्षक वर्गाला एक कादंबरी वाचून यायला सांगतात आणि नाव घेऊन या मुलालाच विचारतात. म्हणजे एकवचन. पण कादंबरी ठरावीक असूनही त्याने ‘क्नीगू’ म्हटले नाही. कथा १८८० च्या दशकातली आहे.

जुना_अनुवादक

मग काळाचा मुद्दा लागू होतो. त्या काळातल्या लेखकाकडून ठरावीक पुस्तकालाही षष्ठी येणे स्वाभाविक होते. आजचा मुलगा बहुधा ‘या न्ये चिताल एतू क्नीगू’ असे म्हणाला असता.